टीएमटीचा रिपोर्ट शेवटच्या ओळीपासून वाचू नका

टीएमटी म्हणजे ट्रेडमिल टेस्ट, फिरत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी पाहण्याची तपासणी. तिचा रिपोर्ट हातात पडला की माणूस पानं उलटून थेट तळाशी जातो. तिथे 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' असं लिहिलेलं असतं. पॉझिटिव्ह दिसलं की घरात रडारड, निगेटिव्ह दिसलं की त्याच संध्याकाळी मिसळ. मी साताऱ्यात ओपीडीत बसतो. माझ्याकडे कुणी असा रिपोर्ट घेऊन आलं की मी ती ओळ सगळ्यात शेवटी वाचतो. पट्टा किती मिनिटं चालला, कशामुळे थांबला, आणि हा माणूस मुळात तपासणीला का आला, या तीन गोष्टी कळल्याशिवाय त्या ओळीला फारसा अर्थ नसतो. त्या कशा वाचायच्या, आणि पट्टा सोडून स्ट्रेस इको किंवा थॅलियम या हृदयाची चित्रं घेणाऱ्या तपासण्यांकडे कधी वळायचं, ते इथे एका रुग्णाच्या आकड्यांवरून सांगतो. रुग्ण कल्पित आहे, पण असे आकडे रोजच्या पाहण्यातले आहेत.

तपासणी मुळात काय शोधते

हृदयाच्या रक्तवाहिनीत साधारण ७० टक्के अडथळा असला, तरी खुर्चीत बसलेल्या माणसाला तो जाणवत नाही, कारण तेवढं रक्त विश्रांतीला पुरतं. चढ चढताना ठोके वाढतात, हृदयाच्या स्नायूची मागणी वाढते आणि अरुंद वाहिनी ती पुरवू शकत नाही. उपाशी राहायला लागतो तो आधी स्नायूचा सगळ्यात आतला थर, आणि त्याचा परिणाम ईसीजीत एसटी सेगमेंट नावाची रेघ खाली सरकण्यात दिसतो. पट्ट्यावरची तपासणी हाच चढ खोलीत तयार करते.

यातूनच तिची एक मर्यादाही कळते. ३०-४० टक्के अडथळ्याने प्रवाह अडत नाही, म्हणून तो या तपासणीत दिसत नाही. पण वाहिनीतला तसला छोटा चरबीचा थरही एखाद्या दिवशी फाटून त्यावर गुठळी होऊ शकते. निगेटिव्ह टीएमटीनंतर काही महिन्यांत कुणाला झटका आला म्हणजे मशीन खोटं बोललं असं नाही. ते मशीन ती गोष्ट मोजतच नव्हतं.

जाण्याआधी

दोन-तीन तास आधीपासून भरपेट खाऊ नका. त्याआधी हलकं काही चालेल. त्या दिवशी तंबाखू, सिगारेट नको. बूट घालून जा. चपलेवर चढत्या पट्ट्यावर चालता येत नाही आणि माणूस पाय घसरण्याच्या भीतीनेच थांबतो. बायकांनी पंजाबी ड्रेस किंवा ट्रॅक पँट आणि पुढून उघडणारा कुर्ता घालावा. इलेक्ट्रोड चिकटवण्याआधी छातीवरचे केस काढतात, त्वचा स्पिरिटने घासतात. हे काम घाईत उरकलं तर पुढची ईसीजीची सगळी पट्टी खडबडीत येते, म्हणून थोडी आग झाली तरी घासू द्या.

गोळ्यांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या गोळ्या ठोके वाढू देत नाहीत. आजार आहे का एवढंच शोधायचं असेल, तर डॉक्टर त्या एक-दोन दिवस थांबवायला सांगू शकतात. आधीच आजार आहे आणि गोळ्यांवर काम कसं चाललंय ते पाहायचं असेल, तर त्या चालूच ठेवतात. स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका. या गोळ्या एकदम थांबवल्याने छातीचं दुखणं उसळू शकतं.

गेल्या काही दिवसांत बसल्या जागी छाती दुखू लागली असेल, किंवा नेहमीचं दुखणं थोड्याशा कष्टाने आणि जास्त वेळ होऊ लागलं असेल, तर पट्ट्यावर चढायचंच नाही. ते दुखणं ओपीडीचं नव्हे, कॅज्युअल्टीचं असतं. झटक्यानंतरचे पहिले दोन दिवस, त्रास देणारा महाधमनीच्या झडपेचा तीव्र अरुंदपणा, आटोक्यात न आलेलं हार्ट फेल्युअर, यांतही तपासणी करत नाहीत. अशी माणसं आधीच बाजूला काढली की तपासणी बरीच सुरक्षित आहे. झटका किंवा मृत्यू यांसारखी गंभीर घटना हजारोंत एखाद्याला घडते.

पट्ट्यावर

बहुतेक ठिकाणी ब्रूस प्रोटोकॉल वापरतात. सिएटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी तो १९६३ मध्ये मांडला. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिल्या टप्प्यात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसऱ्यात ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसऱ्यात ५.५ किलोमीटर आणि १४ टक्के. तिसरा टप्पा आला की अजिंक्याताऱ्याला रोज जाणाऱ्यालाही घाम फुटतो. प्रत्येक टप्प्यात रक्तदाब मोजतात. थांबल्यावरही निदान सहा-आठ मिनिटं पट्टी चालू ठेवतात. हा उतरतीचा भाग कुणी कापत असेल तर सांगा की थांबतो, कारण काही जणांत बदल फक्त तेव्हाच दिसतात.

दोन गोष्टी रुग्णाच्या हातात असतात. पहिली म्हणजे कठडा. तोल सांभाळायला बोटं टेकवली तर हरकत नाही, पण कठड्यावर भार टाकून चाललात तर मशीनला कळत नाही. ते वेगावरून आणि चढावरून हिशेब करतं आणि तुम्ही केलेल्या श्रमापेक्षा जास्त श्रम छापतं. रिपोर्टवर '१० मेट्स' येतात, प्रत्यक्षात सात झालेले असतात. एक मेट म्हणजे शांत बसलेल्या माणसाला लागणारा ऑक्सिजन, तेव्हा दहा मेट्स म्हणजे त्याच्या दहापट.

दुसरी गोष्ट म्हणजे तोंड उघडणं. आपल्याकडे 'छातीत दुखतं' असं फार कमी लोक म्हणतात. 'गच्च झालंय', 'आवळल्यासारखं वाटतंय', 'पित्त वर आलंय', 'जबडा ओढतोय' असं म्हणतात, आणि ते नेहमीचंच आहे म्हणून पट्ट्यावर सांगतही नाहीत. ज्या क्षणी सुरू होईल त्या क्षणी सांगा. त्याने हिशेब किती बदलतो ते पुढे येईलच.

कागद वाचताना

आता आपला रुग्ण घेऊ. वय ५८, निवृत्त शिक्षक, मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण ती ठोके कमी करणारी नाही. सकाळी यवतेश्वरचा घाट चढताना छाती गच्च होते, दोन-तीन मिनिटं थांबलं की मोकळी होते. विश्रांतीचा ईसीजी नॉर्मल. पट्ट्यावर ते ६ मिनिटं ३० सेकंद चालले. ठोके १४१ पर्यंत गेले. वरचा रक्तदाब १४० वरून १७२ झाला. व्ही४, व्ही५, व्ही६ या छातीच्या डाव्या बाजूच्या लीडमध्ये एसटी रेघ २ मिलिमीटर खाली, सपाट. ती साडेचार मिनिटांनी खाली जायला लागली, आणि थांबल्यानंतर पाच मिनिटांनी जागेवर आली. साडेपाच मिनिटांना छाती गच्च झाली, पण थांबले ते दम लागल्याने.

पहिला प्रश्न ठोक्यांचा. २२० मधून वय वजा केलं की अंदाजे कमाल ठोके मिळतात. इथे १६२. त्याचे ८५ टक्के म्हणजे १३८. ते १४१ पर्यंत गेले, म्हणजे हृदयावर पुरेसा ताण आला. समजा ते ११५ वर पाय दुखल्याने थांबले असते आणि पट्टी स्वच्छ असती, तर त्या 'निगेटिव्ह'चा अर्थ 'तपासणी अपुरी' एवढाच. असे कितीतरी रिपोर्ट लोक फाईलला लावून निर्धास्त होतात. उलट बाजूही लक्षात ठेवा: ८५ टक्के हा थांबण्याचा इशारा नव्हे. ठोके तिथे पोचले म्हणून लगेच पट्टा बंद करणाऱ्या ठिकाणी पुढच्या मिनिटांत दिसू शकणारी गोष्ट हातची जाते.

दुसरा प्रश्न रक्तदाबाचा. वरचा आकडा श्रमासोबत चढला पाहिजे. चढण्याऐवजी सुरुवातीच्या आकड्याखाली घसरला, आणि सोबत छाती दुखली किंवा रेघ बदलली, तर ती धोक्याची खूण आहे. स्नायूचा मोठा भाग उपाशी पडला असण्याची शक्यता असते. शिक्षकांचा चढला. एवढी बाजू ठीक.

तिसरा प्रश्न रेघेचा, आणि इथे डोळ्यांनी पट्टी पाहावी लागते. ईसीजीच्या कागदावर एक छोटा चौकोन उंचीला एक मिलिमीटर असतो. आधी क्यूआरएस, म्हणजे प्रत्येक ठोक्याची उंच टोकदार लाट, संपतो ते टोक शोधायचं. तिथून दीड-दोन छोटे चौकोन उजवीकडे जायचं आणि तिथे रेघ मूळ पातळीपेक्षा किती खाली आहे ते मोजायचं. मूळ पातळी म्हणजे क्यूआरएसच्या आधीचा सपाट तुकडा. सलग तीन ठोक्यांत एक मिलिमीटर किंवा जास्त खाली असेल, आणि रेघ सपाट किंवा खाली उतरत जाणारी असेल, तरच ती खूण धरायची. टोक खाली पण रेघ झपकन वर चढतेय, असं जोरात चालताना निरोगी माणसातही होतं; तिच्यावरून निदान करत नाहीत.

मशीन अनेक ठोक्यांची सरासरी काढून एक गुळगुळीत ठोका छापतं आणि त्याखाली '-२.१' असा आकडा देतं. छाती हलते, घाम येतो, इलेक्ट्रोड सुटतो, आणि त्या गडबडीतून सरासरी चुकीचीही निघते. म्हणून मूळ पट्टीचे कागद मागून घ्या. फक्त एक पानाचा गोषवारा मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरला त्यावरून फारसं सांगता येत नाही.

लोक हमखास विचारतात, 'व्ही५ मध्ये खाली आहे म्हणजे कुठली नळी बंद?' रेघ खाली जाण्यावरून नळी ओळखता येत नाही. बहुतेक वेळा अडथळा कुठेही असला तरी बदल याच लीडमध्ये उमटतो. जागा सांगणं हे चित्र घेणाऱ्या तपासण्यांचं काम.

मिनिटांचा हिशेब

या सगळ्याची एक बेरीज-वजाबाकी आहे, तिला ड्यूक स्कोर म्हणतात. ब्रूस प्रोटोकॉलवर चाललेली मिनिटं घ्या. त्यातून एसटीचे मिलिमीटर गुणिले ५ वजा करा. मग छातीच्या त्रासाचे गुण गुणिले ४ वजा करा. त्रास नसेल तर शून्य, झाला पण त्यामुळे थांबावं लागलं नाही तर एक, त्यामुळेच थांबावं लागलं तर दोन.

शिक्षकांचं: ६.५ − (२ × ५) − (१ × ४) = −७.५.

अधिक ५ किंवा वर असेल तर धोका कमी, उणे ११ किंवा त्याखाली असेल तर जास्त, मधलं सगळं मध्यम. ड्यूक विद्यापीठाच्या १९९१ च्या पाहणीत कमी धोक्याच्या गटातले शंभरातले ९९ जण चार वर्षांनी हयात होते, जास्त धोक्याच्या गटातले ७९. आजची औषधं तेव्हा नव्हती, म्हणून आकडे जसेच्या तसे घेऊ नका. दोन गटांतलं अंतर पाहा.

आता त्रासाकडे वळा. शिक्षक 'नेहमीचंच आहे' म्हणून गप्प राहिले असते, तर स्कोर −३.५ आला असता. छाती इतकी आवळली असती की त्यामुळेच थांबावं लागलं असतं, तर −११.५, म्हणजे थेट जास्त धोक्याच्या गटात. पट्टी तीच, ठोके तेच. रुग्णाला काय झालं आणि तो काय बोलला, एवढाच फरक. रिपोर्टमध्ये 'थांबवण्याचं कारण' ही ओळ रिकामी असेल किंवा सगळ्यांच्या रिपोर्टवर छापतात तसं 'टार्गेट हार्ट रेट अचिव्ह्ड' एवढंच असेल, तर तुम्हाला काय झालं होतं ते नव्या डॉक्टरला तोंडी सांगा.

तीच खूण, दुसरा माणूस

दुसरं उदाहरण. ४१ वर्षांची बाई, काही त्रास नाही, मधुमेह नाही, तंबाखू नाही. ऑफिसच्या हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये टीएमटी होती म्हणून केली. १० मिनिटं चालली, शेवटच्या क्षणी एसटी १ मिलिमीटर खाली, सपाट, आणि मिनिटाभरात पूर्ववत. रिपोर्ट: पॉझिटिव्ह. स्कोर: १० − ५ − ० = अधिक ५. म्हणजे कमी धोका. एकाच कागदावर 'पॉझिटिव्ह' आणि 'कमी धोका' दोन्ही.

पट्ट्यावरची ईसीजी आजार असलेल्या शंभरांपैकी सुमारे ६८ जणांना पकडते आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ७७ जणांना बरोबर सोडते. या बाईसारख्या शंभर जणी घ्या आणि त्यांत दहा जणींना आजार आहे असं धरा, खरं तर तेवढ्याही नसतील. त्या दहांतल्या सात पकडल्या जातील. उरलेल्या नव्वदांतल्या एकवीस मात्र विनाकारण पॉझिटिव्ह येतील. एकूण अठ्ठावीस पॉझिटिव्ह, त्यांत खरा आजार सात जणींना. आता शिक्षकांसारखे शंभर घ्या, साठांना आजार आहे असं धरा. पॉझिटिव्ह येतील पन्नास, त्यांतले एकेचाळीस खरे. म्हणून तोच शब्द शिक्षकांसाठी बातमी आहे आणि त्या बाईसाठी बहुधा खोटा इशारा. माझं स्पष्ट मत: त्रास नसलेल्या, कमी धोक्याच्या माणसाच्या पॅकेजमध्ये टीएमटी घालू नये. त्यातून निघणारी धावपळ बहुतेक वेळा आजाराची नसून तपासणीची असते.

पट्टा सोडून चित्राकडे कधी

पहिलं कारण, विश्रांतीचा ईसीजीच वाकडा असणं. हृदयाच्या डाव्या भागाला वीज उशिरा पोचवणारा डावा बंडल ब्रँच ब्लॉक, पेसमेकरचे ठोके, विजेची जन्मजात जादा वाट म्हणजे डब्ल्यूपीडब्ल्यू, आधीपासून एक मिलिमीटर खाली असलेली रेघ, रक्तदाबाने जाड झालेलं हृदय आणि त्यातून ओढलेली रेघ, किंवा डिगॉक्सिनची गोळी. यांत पट्ट्यावरची रेघ आजारामुळे खाली गेली की मुळातच तशी होती हे सांगता येत नाही. तरी साधी टीएमटी करून पॉझिटिव्ह हातात देणारे असतात. अशा रुग्णाने फाईलमधला जुना ईसीजी आधी दाखवावा.

दुसरं कारण, पाय साथ न देणं: गुडघे, पॅरालिसिस, दम्याची धाप, पायाच्या नळ्यांचा आजार. तिसरं, स्टेंट किंवा बायपास आधी झालेला असणं, कारण तिथे 'आहे का' यापेक्षा 'कुठे आणि किती' हा प्रश्न असतो. चौथं, आपल्या शिक्षकांसारखा मधला निकाल.

चित्र आधी का पकडतं? रक्त कमी पडलं की पहिल्यांदा स्नायूच्या त्या भागात रक्ताचं वाटप बिघडतं, मग तो भाग नीट आकसत नाही, त्यानंतर ईसीजी बदलतो आणि सगळ्यात शेवटी छाती दुखते. टीएमटी शेवटच्या दोन पायऱ्यांवर उभी असते. थॅलियम पहिल्या पायरीवर, स्ट्रेस इको दुसऱ्या.

स्ट्रेस इकोत आधी विश्रांतीची चित्रं घेतात, मग पट्टा. थांबल्याबरोबर रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवून मिनिट-दीड मिनिटात चित्रं घ्यायची असतात, कारण ठोके उतरले की नीट न आकसणारा भाग पुन्हा हलायला लागतो. खाट पट्ट्याला लागून नसेल तर ती वेळ जाते. चालता येत नसेल तर ठोके वाढवणारं डोब्युटामिन सलाईनमधून टप्प्याटप्प्याने देतात. किरणोत्सर्ग नाही, खर्च थॅलियमपेक्षा साधारणपणे कमी. पण सगळं पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून असतं, आणि स्थूल माणसात किंवा फुगलेल्या फुप्फुसांत चित्र धुरकट येतं.

लोक ज्याला थॅलियम म्हणतात त्यात आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम हा किरणोत्सर्गी पदार्थ वापरतात. श्रमाच्या शिखरावर शिरेतून सोडतात आणि आणखी मिनिटभर चालवतात. नंतर गॅमा कॅमेऱ्याखाली झोपायचं. विश्रांतीची चित्रं वेगळी. श्रमात फिकट आणि विश्रांतीत भरलेला भाग म्हणजे रक्त कमी पडणारा, पण जिवंत स्नायू. दोन्हीत फिकट म्हणजे जुनी जखम. एक फसवणूक इथेही आहे: तिन्ही नळ्या सारख्याच अरुंद असतील तर सगळीकडे सारखंच फिकट पडतं आणि तुलनेत काही दिसत नाही. गॅमा कॅमेरा सगळीकडे नसतो, म्हणून निघण्याआधी फोन करून तारीख घ्या. चालता येत नसेल तर ॲडिनोसिनसारखं औषध देतात; त्याआधी किमान बारा तास, काही ठिकाणी चोवीस, चहा-कॉफी बंद, नाहीतर औषधाचा परिणामच होत नाही. दमा असेल तर ते औषध नको, हे स्वतःहून सांगा. उलट डावा बंडल ब्लॉक किंवा पेसमेकर असेल तर थॅलियमसाठी हेच औषध बरं, कारण चालवल्याने किंवा डोब्युटामिनने हृदयाच्या मधल्या पडद्यावर खोटा डाग उमटू शकतो.

शिक्षकांना मी काय सांगीन? ॲस्पिरिन, स्टॅटिन आणि ठोके कमी करणारी गोळी लगेच सुरू. जिभेखालची गोळी खिशात. घाट बंद, सपाटीवर चालणं चालू. मग अँजिओग्राफीसाठी पुण्याला धावण्याआधी चांगल्या हाताचा स्ट्रेस इको. एकच छोटा भाग नीट आकसत नसेल तर आधी गोळ्या पुरेशा वाढवून पाहायच्या. २०२० च्या इस्केमिया अभ्यासात स्थिर आजाराच्या रुग्णांना लगेच अँजिओग्राफी आणि स्टेंट किंवा बायपास केल्याने, आधी गोळ्या देण्यापेक्षा, मृत्यू किंवा झटके एकूणात कमी झाले नाहीत. घाट चढताना होणारा त्रास मात्र कमी झाला. पण त्या अभ्यासात डाव्या मुख्य नळीत मोठा अडथळा असलेले रुग्ण नव्हते. म्हणून इकोत भिंतीचे तीन-चार भाग नीट आकसले नाहीत, श्रमात हृदय लहान होण्याऐवजी फुगलं, किंवा गोळ्या घेऊनही सपाटीवर छाती गच्च होऊ लागली, तर अँजिओग्राफी लांबवायची नाही. ती करायला जाताना टीएमटीचे मूळ कागद, इकोची सीडी आणि घाटात कुठल्या वळणावर थांबावं लागतं ते लिहिलेली चिठ्ठी, तिन्ही सोबत न्यायचं.